बाप रे, मेले! (सहा ठोक्यांत)

‘ते परत ठेव! आई येतेय!’ हे मी लिहिलेलं डबिंगचं पहिलं वाक्य. दहा सेकंदांत झालं. मूळ इंग्रजी होतं ‘पुट इट बॅक! मॉम्ज कमिंग!’ आणि म्हटलं, यात काय अवघड आहे? कार्टूनमधली खारीची मुलगी, धाकट्या भावाच्या हातात मधाची बरणी, मागून आईची चाहूल. (एपिसोडचं नाव सांगता येणार नाही. वाक्य आणि प्रसंग त्यासाठी थोडे बदललेत.) ताईंनी माझं वाक्य चित्रावर म्हणून दाखवलं आणि खारीकडे बघून मलाच हसू आलं. ती बोलत एक होती, ऐकू दुसरंच येत होतं.

ताई गेली काही वर्षं मुलांच्या कार्टून मालिका मराठीत लिहितायत. त्या ‘भाषांतर’ हा शब्द वापरत नाहीत. ‘वाक्य बसवायचं’ म्हणतात, साडीची पिन बसवावी तसं. फीचरसाठी मी दोन दिवस त्यांच्या शेजारी बसले. त्यातला जवळजवळ अर्धा दिवस या एका वाक्यावर गेला.

ताईंनी आधी आवाज बंद केला. ‘आता फक्त ओठ बघ.’ चित्र सेकंदाला चोवीस फ्रेम्सनं पळतं. हे वाक्य दीड सेकंदाचं, म्हणजे छत्तीस फ्रेम्स. त्यात खारीचे ओठ पाच वेळा पूर्ण मिटतात. ‘पुट’च्या सुरुवातीला, ‘बॅक’च्या सुरुवातीला, ‘मॉम’मध्ये दोनदा आणि ‘कमिंग’च्या मधोमध. प, फ, ब, भ, म ही शाळेत घोकलेली ओष्ठ्य व्यंजनं अशी अचानक कामाला येतील असं वाटलं नव्हतं. ओठ मिटल्याशिवाय यातलं एकही अक्षर निघत नाही. (‘फ’ आपण बरेचदा दातांनी म्हणतो, म्हणून ताई त्याच्यावर विसंबत नाहीत.) क, त, ल, र यांचं काम तोंडाच्या आत चालतं, ते प्रेक्षकाला दिसत नाही. त्यामुळे मिटलेल्या ओठांतून ‘आ’ ऐकू आला की लहान पोरालाही खटकतं, पण ‘त’च्या जागी ‘ल’ आला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

दुसरं गणित ठोक्यांचं. ठोके लिहिलेल्या अक्षरांवरून मोजायचे नाहीत, तोंडातून निघतात तसे मोजायचे. ‘परत’ लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना ‘प-रत’ असे दोनच ठोके. इंग्रजी वाक्यात तीन आणि तीन, एकूण सहा. माझ्यात ‘ते-प-रत-ठेव’ चार आणि ‘आ-ई-ये-तेय’ चार, एकूण आठ. शिवाय पहिल्याच फ्रेमला ओठ मिटलेले असताना माझा ‘ते’ सुरू. आणि ‘आई येतेय’मध्ये ओठ मिटणारं एकही अक्षर नाही! पडद्यावर तीनदा तोंड बंद, आवाजात सलग उघडं.

मग पहिला अर्धा भाग घेतला. सुरुवातीला ओष्ठ्य हवं, मध्ये एक साधा ठोका आणि तिसऱ्याला पुन्हा ओष्ठ्य. ‘परत ठेव’मध्ये सुरुवात जमली, तीन ठोकेही जमले, पण ‘बॅक’चा ‘ब’ रिकामा राहिला. शेवटी शब्द उलटे केले. ‘बस! ठेव परत!’ ब पहिल्यावर, प तिसऱ्यावर. मी बोटं मोजली आणि म्हटलं, ‘पण ताई, हे चार ठोके झाले.’ त्यांनी मला आरशासमोर ‘परत’ म्हणायला लावलं. करून बघा. ‘प’ला ओठ मिटतात, उघडतात आणि मग ‘रत’ संपेपर्यंत जवळजवळ तसेच उघडे राहतात. कानाला दोन ठोके, डोळ्याला एकच उघडझाप. जास्तीचा ठोका लपवायचा असेल तर तो असा, ओठ न हलवणारा शोधायचा.

दुसरा भाग जास्त छळणारा होता. या मालिकेत खार आईला ‘मम्मी’ म्हणते. ते पहिल्या एपिसोडलाच ठरतं आणि मग शेवटपर्यंत बदलता येत नाही. मला आधी ते शहरी चोचले वाटले होते, पण खरं कारण ‘म’ आहे. ‘मम्मी आली’मध्ये पहिली दोन मिटणं जुळतात, तिसरं हुकतं. मग मला सुचलं, ‘मम्मी बघ!’ तीन ठोके, तिन्ही मिटणं जिथल्या तिथे, एकदम परफेक्ट. फक्त अर्थ गेला. भावाला सावध करणारी बहीण आता आईला हाक मारत होती. ओठ जुळले की असा मोह होतोच, असं ताई म्हणाल्या, आणि ती ओळ खोडली.

त्यांनी विचारलं, ‘पुढच्या शॉटमध्ये काय दिसतं?’ आई दारात उभी. मग ‘आई येतेय’ हे शब्दांतून सांगायची गरजच नाही, चित्र सांगणार आहे. शब्दांनी फक्त घाबरायचं. ‘बाप रे, मेले!’ ब, मग प, मग म, बरोबर तिन्ही जागी. ‘मेले’चा जास्तीचा ‘ले’ उघड्या तोंडातच निघून जातो. इथे भाऊ बोलत असता तर ‘मेलो’ झालं असतं आणि ‘लो’ला ओठांचा चंबू होतो, जो ‘कमिंग’च्या शेवटी चित्रात नाही. म्हणजे खार मुलगी होती म्हणून वाचलो. (समोर आई आणि तोंडात बाप, हा विनोद फुकटात मिळाला.)

एवढी मारामारी दरवेळी नसते. स्क्रिप्टवर ताई आधी खुणा करतात. पात्र पाठमोरं आहे, लांब आहे की चेहरा पडदाभर आहे. पाठमोरं असेल तर ‘मम्मी आली’ बिनधास्त चालतं, फक्त लांबी सांभाळायची. जपानी कार्टून तर आणखी सोपं. तिथे साधारणपणे चित्र आधी होतं, आवाज नंतर भरतात, आणि तोंडाची बंद, अर्धवट, उघडं अशी दोन-तीनच चित्रं फिरवतात. अमेरिकेत बहुतेक वेळा कलाकार आधी बोलतो आणि त्याच्या आवाजावर ओठ रेखले जातात, त्यामुळे तिथे इंग्रजी अक्षरन् अक्षर चेहऱ्यावर छापलेलं असतं. आपल्या आईबाबांच्या पिढीनं १९९३मध्ये दूरदर्शनवर पाहिलेलं ‘जंगल बुक’ जपानी होतं. नाना पाटेकरांचा शेरखान हिंदीत इतका सहज बोलल्यासारखा वाटतो, यात नानांचा वाटा आहेच, पण थोडा त्या सोप्या जबड्याचाही असावा असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. काचेपलीकडे मुलगी एकटी, एका कानात मूळ इंग्रजी. पहिल्या टेकला ‘बस’ थोडं लवकर आलं. ओठ उघडायच्या आधी आवाज आला की लगेच कळतं, किंचित उशीर मात्र खपतो. रेकॉर्डिस्टनं आवाज दोन फ्रेम मागे सरकवला आणि ‘बस’ बसलं. ‘परत’ तिनं न तोडता एका दमात घेतलं. तिसऱ्या टेकला ओके.

पुढची ओळ आली. खार रडवेली होऊन आईकडे भावाची तक्रार करते, ‘मॉमी, बट ही...’ चार ठोके. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी वहीचं मागचं पान उघडलं, खोडलेली ओळ काढली आणि तिला फक्त एक ‘ना’ जोडला.

‘मम्मी, बघ ना...’