ट्रॅकिऑस्टॉमीच्या रुग्णाची रोजची नोंद

ट्रॅकिऑस्टॉमीचा रुग्ण घरी आला की नोंदी जागोजागी साठतात. रात्रीच्या सिस्टरची चिठ्ठी एकीकडे, मुलीने मोबाइलवर लिहिलेली वेळ दुसरीकडे. त्या वेळेच्या क्रमाने एका पानावर उतरवल्या तरच बदल दिसतो. पान सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचे असावे. वरच्या ओळीत ट्यूबचा प्रकार, नंबर, बसवल्याची तारीख आणि पुढच्या बदलाची तारीख लिहावी.

‘ट्यूब बदलली’ एवढीच नोंद मात्र धोक्याची आहे. आतली नळी दिवसातून अनेकदा काढून धुतली जाते. बाहेरची ट्यूब सहसा काही आठवड्यांनी, प्रशिक्षित हातांनीच बदलली जाते. म्हणून ‘आतली’ की ‘बाहेरची’ हे लिहावेच. बाहेरची बदलली असेल तर ती सहज गेली का, रक्त आले का, छिद्राभोवतीची त्वचा कशी होती, हेही लिहावे.

सक्शन आणि स्राव एकाच ओळीत हवेत. समजा, सोमवारी चार-चार तासांनी सक्शन लागले आणि स्राव पांढरा, पातळ होता. बुधवारी दोन-दोन तासांनी लागले, स्राव चिकट झाला, आतल्या नळीत खपल्या दिसल्या. ताप नाही, वास नाही. अशा वेळी आधी हवेतला ओलावा तपासावा: ह्युमिडिफायरमधले पाणी संपले आहे का, फिल्टर चोंदला आहे का. हिरवट रंग, दुर्गंधी आणि ताप एकत्र आले तर संसर्गाची शंका घेऊन डॉक्टरांना कळवावे. ताजे लाल रक्त भरपूर आले तर नोंद नंतर, आधी रुग्णालय.

ट्यूबच्या टोकाशी असलेल्या फुग्याला ‘कफ’ म्हणतात आणि बेडक्यालाही. ‘कफ कमी’ असे लिहिल्यास वाचणारा फसतो. म्हणून फुग्यासाठी ‘फुग्याचा दाब’ असेच लिहावे. मोठ्या माणसात तो साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. त्यापेक्षा जास्त दाबाने श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा आवळला जातो. कमी झाल्यास लाळ फुग्याच्या कडेने खाली झिरपते.

इथे दोन रकाने हवेत: ‘सापडला’ आणि ‘ठेवला’. फक्त ‘ठेवला’ लिहिले तर रोज 25 दिसेल आणि सगळे ठीक वाटेल. दोन्ही लिहिले तर सकाळी 16 सापडला, 25 ठेवला. दुपारी पुन्हा 15 सापडला, हे उघड होते. मीटर जोडताना थोडी हवा सुटतेच, त्यामुळे थोडाफार फरक गृहीत धरावा. पण दर पाळीला नऊ-दहाने दाब उतरत असेल तर फुगा किंवा त्याची झडप गळत असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास पुढच्या ठरलेल्या बदलाची वाट न पाहता डॉक्टरांना ते पान दाखवावे.