लॅब रिपोर्टच्या ढिगातून एक पानाचा तक्ता: जुने आकडे, नवे आकडे आणि मर्यादा एका नजरेत

व्हिडिओमध्ये स्क्रीनवर जे काम पटपट झालं, ते इथे सावकाश, एकेक पायरी करून बघूया. फॉर्म्युले इथूनच कॉपी करून घ्या.

हे काम कोणाच्या उपयोगाचं? तुमचं सॅम्पल कलेक्शन सेंटर असेल, आहारतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस असेल, किंवा घरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना तपासणीला नेण्याची सेवा तुम्ही सुरू करत असाल, तर तुमच्यासाठी. या सगळ्या धंद्यांत ग्राहकाकडे एकच गोष्ट असते: व्हॉट्सॲपवर आलेल्या दहा-बारा पीडीएफ. डॉक्टरांसमोर बसल्यावर काका मोबाईलवर बोट फिरवत राहतात आणि "मागच्या वेळी किती होतं?" या प्रश्नाचं उत्तर काही सापडत नाही. ते उत्तर एका कागदावर देणं, हीच तुमची सेवा.

समजा, ग्राहक असा आहे

64 वर्षांचे एक काका, मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. जानेवारी आणि एप्रिलचा रिपोर्ट एका लॅबचा, जुलैचा दुसऱ्या लॅबचा. पीडीएफ उघडून मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला आणि गूगल शीटमध्ये पेस्ट केला, की साधारण अशा ओळी मिळतात:

```
Creatinine 1.24 mg/dL 0.70 - 1.30
Haemoglobin 12.6 g/dL 13.0 - 17.0
Platelet Count 221 10^3/uL 150 - 410
```

नाव, आकडा, युनिट, मर्यादा असं सगळं एकाच सेलमध्ये. हे तसंच हवं आहे. पेस्ट करण्याआधी A कॉलम सिलेक्ट करून Format > Number > Plain text करून घ्या. कारण काही पीडीएफमधून मजकूर आपोआप वेगवेगळ्या सेलमध्ये पडतो, आणि मग इओसिनोफिल्सची मर्यादा `1-6` असेल तर शीट तिला तारीख समजून एक जून करून टाकतं. मर्यादेच्या जागी महिना दिसला की समजा, हेच झालंय. तिथे हाताने दुरुस्ती करत बसू नका. कॉलम प्लेन टेक्स्ट करून पुन्हा पेस्ट करा.

पायरी 1: ओळ तोडणे

या शीटला "पेस्ट" नाव द्या. B2 मध्ये हा फॉर्म्युला टाका आणि खाली ओढा:

```
=REGEXEXTRACT(A2,"^(.+?)\s+([\d.,]+)\s+(\S+)\s+(.+)$")
```

तो ओळीचे चार तुकडे करून B ते E मध्ये मांडतो: नाव, आकडा, युनिट, मर्यादा. `Vitamin B12` सारखं नाव आलं तरी तो फसत नाही, कारण तो आधी जागा सोडून सुटा लिहिलेला आकडा शोधतो.

पण एका ठिकाणी तो नक्की फसतो. काही लॅब आकड्याच्या पुढे `H` किंवा `L` छापतात. मग युनिटच्या कॉलममध्ये `L` येतं आणि खरं युनिट मर्यादेच्या कॉलममध्ये घुसतं. म्हणून फॉर्म्युला ओढून झाल्यावर फक्त युनिटच्या कॉलमवरून नजर फिरवा. तिथे एकटं `H` किंवा `L` दिसलं, तर A मधल्या ओळीतून ते अक्षर काढून टाका. ओळच तुटली नाही आणि एरर आला, तर बहुतेक वेळा त्या टेस्टची मर्यादा पुढच्या ओळीवर गेलेली असते. आकड्याआधी `<` चिन्ह असेल, तर एरर न येताही ओळ चुकीची तुटू शकते: युनिटच्या जागी `-` दिसतं किंवा नावात `<` घुसतं. अशी ओळ सरळ हाताने भरा.

आता महत्त्वाची गोष्ट. तुटून आलेला आकडा दिसायला आकडा असला, तरी शीटच्या लेखी तो मजकूर आहे. शीटच्या नियमाप्रमाणे मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणजे तसाच वापरलात तर सगळ्या टेस्ट "वर" दाखवल्या जातील आणि एररही येणार नाही. म्हणून F2 मध्ये त्याचा खरा आकडा करून घ्या. स्वल्पविरामही यातच निघून जातो:

```
=VALUE(SUBSTITUTE(C2,",",""))
```

पायरी 2: नोंदवही

दुसरं शीट घ्या, नाव "नोंद". इथे नियम एकच: एक टेस्ट, एक तारीख, एक ओळ. कॉलम असे ठेवा: A ग्राहक कोड, B तारीख, C टेस्टचं नाव, D आकडा, E युनिट, F खालची मर्यादा, G वरची मर्यादा, H लॅब. "पेस्ट" मधून इथे आणताना Paste special > Values only वापरा. मर्यादा मात्र हाताने दोन कॉलममध्ये टाइप करा. नुसतंच "200 पेक्षा कमी" लिहिलेलं असेल, तर F रिकामा ठेवून G मध्ये 200 टाका.

प्रत्येक ओळीत मर्यादा पुन्हा पुन्हा कशाला, असं वाटेल. शीटच्या वर एकदाच लिहिली तर नाही का चालणार? नाही. मर्यादा लॅबच्या मशीनवर आणि पद्धतीवर अवलंबून असते. शिवाय वय आणि स्त्री-पुरुष यानुसारही बदलते. जो आकडा ज्या रिपोर्टमधून आला, त्याची मर्यादा त्याच रिपोर्टमधली हवी. इंटरनेटवरून शोधून टाकायची नाही.

दोन गोष्टी इथे एकसारख्या करायच्या. पहिली, टेस्टचं नाव. एक लॅब `Creatinine` लिहिते, दुसरी `S. Creatinine`. शीटसाठी या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, त्यामुळे मागचा आकडा सापडणारच नाही. तुमची ठरलेल्या नावांची यादी करा आणि C कॉलमला ड्रॉपडाउन लावा.

दुसरी, युनिट. काकांच्या आधीच्या लॅबने प्लेटलेट `2.08 lakh/cumm` असे दिले होते आणि नवीन लॅबने `221 10^3/uL`. घरचे घाबरतात: दोनवरून दोनशे एकवीस? प्रत्यक्षात 221 हजार म्हणजेच 2.21 लाख. क्युबिक मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे तर एकच माप आहे. आकडा बदलाल तेव्हा त्याची मर्यादाही त्याच हिशोबाने बदला: 150 ते 410 चं 1.50 ते 4.10. परदेशातून आलेल्या ग्राहकांच्या रिपोर्टमध्ये साखर `mmol/L` मध्ये असू शकते; तिला 18 ने गुणलं की आपलं `mg/dL` मिळतं.

पायरी 3: स्थिती आणि मागचा आकडा

I2 मध्ये स्थिती:

```
=IF(AND(F2="",G2=""),"",IF(AND(F2<>"",D2<F2),"खाली",IF(AND(G2<>"",D2>G2),"वर","मर्यादेत")))
```

J2 मध्ये मागची तारीख आणि K2 मध्ये मागचा आकडा:

```
=MAXIFS(B:B,A:A,A2,C:C,C2,E:E,E2,B:B,"<"&B2)
=IF(J2=0,"",AVERAGEIFS(D:D,A:A,A2,C:C,C2,E:E,E2,B:B,J2))
```

पहिला फॉर्म्युला त्याच ग्राहकाची, त्याच टेस्टची, त्याच युनिटमधली आजच्या आधीची सगळ्यात जवळची तारीख शोधतो. दुसरा त्या तारखेचा आकडा आणतो. तिथे SUMIFS लावलं असतं, तर एखादा रिपोर्ट चुकून दोनदा पेस्ट झाल्यावर मागचा आकडा दुप्पट दिसला असता. J कॉलमला तारखेचा फॉरमॅट द्या.

तयार पान

| टेस्ट | जाने. | एप्रिल | जुलै | युनिट | जुलैची मर्यादा | स्थिती |
|---|---|---|---|---|---|---|
| क्रिएटिनिन | 0.92 | 1.08 | 1.24 | `mg/dL` | 0.70–1.30 | मर्यादेत |
| हिमोग्लोबिन | 13.4 | 13.1 | 12.6 | `g/dL` | 13.0–17.0 | खाली |
| प्लेटलेट | 2.15 | 2.08 | 2.21 | `lakh/cumm` | 1.50–4.10 | मर्यादेत |
| एचबीएवनसी | 7.4 | 7.1 | 7.6 | `%` | डॉक्टरांचं लक्ष्य: 7.0 च्या खाली | – |

आता क्रिएटिनिनची ओळ आडवी वाचा. तिन्ही रिपोर्टमध्ये आकडा मर्यादेत, त्यामुळे लॅबने कुठेच खूण केलेली नाही. पण सहा महिन्यांत तो 0.92 वरून 1.24 वर गेलाय. क्रिएटिनिन हा किडनीच्या कामाचा आकडा, आणि काकांना मधुमेह आहे. सुटे रिपोर्ट बघून ही चढण कोणाच्या लक्षात आली नसती. मात्र जुलैला लॅब बदलली आहे, पाणी कमी प्यायलं तरीही हा आकडा थोडा वर जातो. म्हणून पानाच्या तळाशी कुठल्या महिन्याचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा, हे लिहा. अर्थ काढायचं काम डॉक्टरांचं.

एचबीएवनसीची ओळ वेगळी का? तिथे रिपोर्टवर छापलेलं असतं ते 5.7 पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल, 6.5 आणि पुढे म्हणजे मधुमेह. हे निदानासाठीचे टप्पे आहेत. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांना दर वेळी "वर" दाखवून काय मिळणार? त्यांचं लक्ष्य डॉक्टर ठरवतात. ते विचारून लिहा. म्हणून F आणि G रिकामे ठेवलेत, आणि फॉर्म्युल्यातली पहिली अट त्यासाठीच आहे. ती नसती तर 7.6 पुढे बिनधास्त "मर्यादेत" छापून आलं असतं.

"वर" किंवा "खाली" म्हणजे आजार, असंही ग्राहकाला सांगू नका. मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्के लोकांच्या आकड्यांवरून ठरते. म्हणजे वीस धडधाकट माणसांमागे एखाद्याचा आकडा बाहेर जाणारच. पानावर "किडनी कमजोर" असलं काही लिहायचं नाही. "वर, खाली, मर्यादेत" एवढंच.

पान देण्याआधी

एकाने मूळ पीडीएफमधून आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तक्त्यात बोट ठेवून बघायचं. स्कॅन केलेल्या रिपोर्टमधून मजकूर काढला असेल तर हे टाळूच नका, कारण तिथे टिंब हरवतं आणि 12.6 चे 126 होतात. कुठलाही आकडा मागच्यापेक्षा दुप्पट किंवा निम्मा दिसला, तर आधी पीडीएफ उघडा, मग युनिट तपासा, आणि दोन्ही बरोबर असेल तर त्याच दिवशी ग्राहकाला "डॉक्टरांना आजच दाखवा" असा फोन करा.

शेवटचं: ही लोकांची खाजगी माहिती आहे. लेखी संमती घ्या, शीटमध्ये नावाऐवजी कोड ठेवा, आणि शीटची लिंक "Anyone with the link" वर कधीही ठेवू नका.

आता घरातल्याच कोणाचे तरी दोन जुने रिपोर्ट, त्यांना विचारून, घ्या आणि हे पान बनवून बघा. कुठली ओळ तुटली नाही, ते कमेंटमध्ये लिहा. आकडे आणि नाव मात्र लिहू नका, फक्त ओळीची रचना टाका.