वारकरी घर आणि परदेशी अर्ज

परदेशात धर्म-अभ्यासाच्या एम.ए.साठी अर्ज करताना ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहावं लागतं. भक्तिमार्गी घरातली मुलं इथे हमखास दोन टोकांना जातात. कुणी विठ्ठलाची महती गातं, कुणी आपण श्रद्धेतून कसे बाहेर पडलो हे सांगत बसतं. दोन्ही अर्जांत विषय मागे राहतो.

देव खरा की खोटा, हे या विषयात ठरवायचंच नसतं. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्म-अभ्यासाचा विभाग उभा केला. श्रद्धेच्या सत्यतेचा निवाडा बाजूला ठेवून माणसं काय मानतात, काय करतात, ते समजून घ्यावं, ही त्यांची भूमिका होती. घरच्या भक्तीबद्दलही तसंच लिहायचं असतं.

समजा, एखादी विद्यार्थिनी लिहिते, ‘आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. वारीत सगळे समान असतात.’ पहिलं वाक्य माहिती देतं, दुसरं दावा करतं. वाचणारे प्राध्यापक तिथेच अडतात. इरावती कर्वे यांनी वारीवरच्या आपल्या लेखात नोंदवलं आहे, की दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. पण म्हणून ‘वारीतली समता हे ढोंग आहे’ असं लिहिलं, तर तोही निवाडाच झाला.

त्यापेक्षा तिने असं लिहावं: ‘आमच्या दिंडीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, हे मी लहानपणापासून पाहिलं. स्वयंपाक कोण करतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, याकडे माझं लक्ष गेलं ते कर्वे वाचल्यावर. पाया पडण्यातली समता पंगतीपर्यंत कितपत पोचते, हे मला अभ्यासायचं आहे.’ यात श्रद्धा लपवलेली नाही आणि तिची वकिलीही नाही. उत्तर घरच्यांना आवडेल असं निघेलच, याची खात्री नाही, म्हणूनच हा प्रश्न खरा वाटतो. जॉन क्यून यांनी एकनाथांच्या कथांतलं सहभोजन आणि जात यांवर पुस्तक लिहिलं आहे. ते वाचून आपला प्रश्न त्याच्या पुढे कुठे जातो, हे दोन वाक्यांत सांगितलं, की अर्जाला अभ्यासाचा आधार मिळतो.

घराने दिलेलं कौशल्यही स्पष्ट लिहावं. हरिपाठ पाठ असणं, जुन्या मराठीतली ओवी वाचता येणं, कीर्तनाची रीत ठाऊक असणं हे संशोधनाला लागणारं भांडवल आहे. ‘संस्कार’ म्हटलं की त्यातलं नेमकं काही कळत नाही. मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने मांडावी. दिंडीतल्या ओळखीच्या घरची मुलगी विचारते म्हटल्यावर काही जण मनापासून बोलतील, तर काही जण, विशेषतः जातीबद्दल, तिला बरं वाटेल तेवढंच सांगतील. म्हणून आपल्या दिंडीबरोबर ओळख नसलेल्या आणखी एका दिंडीतही मुलाखती घेणार, असं तिने लिहावं.