खिडकीवरची पांढरी भुकटी

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याजवळचं एखादं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. गॅलरीला अॅल्युमिनियमचा कठडा, आत स्लायडिंग खिडक्या. ऑक्टोबरात कठडा नीट न्याहाळला, तर एक गंमत दिसते. पावसाचा मारा बसलेली वरची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ असते. त्याच कठड्याच्या खालच्या अंगाला आणि छज्जाखालच्या चौकटीला मात्र पांढरट, खरखरीत थर चढलेला असतो. ज्या भागाला पावसाने झोडपलं तो टिकला आणि आडोशाला होता तो खराब झाला, हे उलटं कसं?

अॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि धातूचं रक्षणच करतो. बिघडवतं ते मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो आणि खालचा धातू झिजून पांढरी भुकटी बनते. पाऊस कठड्याची वरची बाजू धुऊन काढतो, पण आडोशाचं मीठ धुणारं कोणी नसतं.

घासायला बसण्यापूर्वी समोर काय आहे ते ओळखावं लागतं, कारण पांढरेपणा एकाच कारणाने येत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात जरा जोर लावून पुसून पाहावं. फडक्याला चौकटीचा रंग लागला, तर तो पावडर कोटिंगचा रंग उन्हाने भुसभुशीत झालेला आहे, त्याचा ऑक्साइडशी संबंध नाही. फडकं काळं-करडं झालं, तर धातू उघडा आहे. अॅनोडायझिंग केलेल्या चौकटीसाठी इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर कामी येतो. तो थर वीज वाहू देत नाही, म्हणून दोन्ही टोकं हलकेच टेकवल्यावर बीप वाजला नाही तर थर शाबूत आहे असं समजावं. वाजला, तर तिथला थर गेलेला आहे.

आता आपल्या कठड्याकडे वळू. समजा, तो कोटिंग नसलेला, उघड्या धातूचा आहे. सकाळी, ऊन यायच्या आत काम सुरू करायचं. आधी भरपूर साध्या पाण्याने मीठ आणि धूळ काढायची. कोरड्यावरच घासलं तर तीच धूळ ओरखडे पाडते. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून मऊ फडक्याने धुवायचं. बरीचशी भुकटी इथेच निघते. जी चिकटून राहते तिच्यासाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवायचं. हातमोजे घालून हातभर लांबीचा पट्टा ओला करायचा आणि पाच मिनिटं ओलाच राहू द्यायचा. नंतर मऊ नायलॉनच्या घासणीने लांबीच्या दिशेने घासायचं. गोल गोल घासलं की उन्हात ती चक्रं कायम दिसत राहतात. लगेच धुऊन, पुसून पुढचा पट्टा घ्यायचा. हे सगळं आतल्या बाजूने, कठड्यावर न चढता.

अॅनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग शाबूत असेल, तर साबणाच्या पाण्यापुढे जाऊ नये. अगदीच गरज पडली तर लिंबूसत्त्व न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी लावून पाहावं. घासणी मात्र नाहीच.

घोटाळा होतो तो घाईत. बाथरूमचं अॅसिड लावलं की क्षणभर चकाकी येते आणि पाठोपाठ धातू खड्डेदार होतो. कॉस्टिक सोड्याचा क्लीनर त्याहून वाईट, कारण अॅल्युमिनियम अल्कलीतही विरघळतं. इमारतीच्या डागडुजीत उडालेल्या ओल्या सिमेंटचे डाग कायमचे राहतात, तेही याच कारणाने. म्हणून जाणता फॅब्रिकेटर प्लास्टरचं काम संपेपर्यंत चौकटीवरची संरक्षक टेप काढू देत नाही. भांड्यांची तारेची घासणी वापरली, तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढच्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात.

भुकटी निघाल्यावर नखाला खड्डे लागले, तर ते कोणत्याही पॉलिशने भरून येत नाहीत. गेलेलं अॅनोडायझिंगही घासून परत येत नाही. अशा वेळी धातू स्वच्छ करून अॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर आणि वर रंग, एवढाच घरगुती उपाय उरतो. खड्डे नसतील तर गाडीला लावतात त्या वॅक्सचा पातळ हात पुरतो. उघड्या धातूवर तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पावसाळा संपल्यावर महिन्यातून एकदा आडोशाचा भाग साध्या पाण्याने धुणं.

भुकटी फक्त स्क्रूभोवतीच जमत असेल, तर धुऊन भागत नाही. तिथे साधा लोखंडी स्क्रू असण्याचा संभव आहे. खाऱ्या ओलीत दोन धातू टेकले की अॅल्युमिनियम झिजतं. स्क्रू बदलताना स्टेनलेसचा घ्यावा आणि त्याखाली नायलॉनचा वॉशर घालावा. खालच्या ट्रॅकमधली पाणी निघायची भोकंही त्याच वेळी काडीने मोकळी करावीत, कारण खारं पाणी सर्वांत जास्त वेळ साचून राहतं ते तिथेच.