पॅनिक अटॅकची विचारनोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पॅनिक अटॅक काहीही कारण नसताना येतो, असे रुग्ण बहुधा सांगतात, आणि म्हणूनच बोधात्मक वर्तनोपचाराच्या कार्यपत्रिकेतील ‘निमित्त’ हा पहिला रकाना अनेकदा कोरा राहतो. वस्तुतः हे निमित्त पुष्कळदा बाहेरच्या प्रसंगात नसून शरीरात असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, धडधडीसारख्या निरुपद्रवी संवेदनेचा ‘आता अनर्थ होणार’ असा अर्थ लावला जातो, त्या अर्थामुळे भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि ही वाढलेली धडधडच त्या अर्थाचा पुरावा मानली जाते. जिना चढणे, कडक कॉफी, उकाडा यांची नोंद त्यासाठीच करायची असते.

दादरचा पूल घाईने चढून गर्दीच्या लोकलमध्ये शिरलेल्या एका कल्पित रुग्णाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या पत्रिकेत निमित्त ‘पूल चढल्यावरची धडधड’, विचार ‘हा हार्ट अटॅक आहे’ आणि त्या विचारावरील विश्वास ९० टक्के, अशी नोंद आहे.

अशा वेळी ‘दीर्घ श्वास घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अपुरा असून कधीकधी उलटाही पडतो. घाबरलेली व्यक्ती आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असते; त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर, बोटांना मुंग्या व श्वास पुरत नसल्याची भावना निर्माण होते, आणि मोठमोठे श्वास घेतल्यास ती आणखी वाढते. म्हणून श्वास मोठा नव्हे, तर संथ हवा: नाकाने सुमारे चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पोट अलगद हलेल इतकाच. हा सराव आधी शांत वेळी करावा लागतो. तरीही ‘संथ श्वासामुळेच वाचलो’ अशी समजूत दृढ झाली, तर मूळ भीती जिवंत राहते. म्हणून पुढे श्वासाचा आधार न घेताही लाट ओसरू देण्याचा सराव करावा लागतो.

विचारनोंद म्हणजे सकारात्मक विचारांची घोकंपट्टी, हाही गैरसमजच आहे, कारण येथे विचार पुराव्यावर तपासला जातो. वरील रुग्णाने विचाराच्या बाजूने ‘छातीत धडधड’ एवढेच लिहिले. विरोधात मात्र डॉक्टरांच्या तपासणीत हृदय निरोगी आढळले होते, पूर्वीचे असे झटके काही मिनिटांत ओसरले होते आणि धडधड पूल चढल्यानंतरच सुरू झाली होती, अशा तीन गोष्टी निघाल्या. ‘चढण्याने हृदय जोरात चालले, त्याची मला भीती वाटली’ हा पर्यायी विचार लिहिल्यावर मूळ विचारावरील विश्वास ४० टक्क्यांवर आला. तो शून्यावर आला नाही म्हणून नोंद फसली असे समजू नये. पुढील नोंदींशी ताडून पाहण्यासाठीच हा आकडा लिहिला जातो.

छातीतील दुखणे पहिल्यांदाच उद्भवले असेल, नेहमीपेक्षा वेगळे असेल किंवा श्रमाबरोबर वाढत असेल, तर पत्रिका बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.