निरोप समारंभातली बॅग

सत्तरच्या दशकात कचेरीतून किंवा बँकेतून निवृत्त होणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळे. काशी-रामेश्वर करायचं म्हटलं तर होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक घरचीच असे, आणि ती उचलायला स्टेशनवर हमाल असे. मग व्हीआयपीसारख्या साच्यातल्या सूटकेसा आल्या आणि ‘आता फिरा निवांत’ म्हणत सहकारी वर्गणी काढून सूटकेस देऊ लागले. अमेरिकेत चाकांच्या सूटकेसचं पेटंट १९७२ सालचं. उभी ओढायची, दोन चाकांची, लांब दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७मध्ये केली. आपल्या मध्यमवर्गात ती रुळली उदारीकरणानंतर, मुलं परदेशी गेली आणि आईवडील त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा. या पन्नासेक वर्षांत वस्तू पार बदलली, पण ती निवडण्याची रीत तीच राहिली: व्यासपीठावर भरघोस दिसेल ती घ्यायची. माझं म्हणणं असं की साठीच्या जोडप्याला मोठी बॅग देणं ही चुकीची भेट आहे.

हिशेब करून पाहू. अठ्ठावीस इंची कडक बॅग रिकामीच साधारण चार ते साडेचार किलो भरते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी पंधरा किलो सामान नेऊ देतात, म्हणजे कपड्यांसाठी उरले साडेदहा-अकरा किलो, आणि बॅग अर्धी रिकामी. रिकामी जागा कुणाला बघवत नाही. त्यात मेतकूट, लाडू, पाहुण्यांसाठीच्या साड्या जातात आणि काट्यावर आकडा वीसच्या पुढे सरकतो. जादा किलोचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात ते वेगळेच. रेल्वेत वजनाची एवढी काटेकोर चौकशी होत नाही, पण तिथे बॅग डब्याच्या पायऱ्यांवरून वर घ्यावी लागते. चाकं आहेत ना, असं कुणी म्हणेल. चाकं सपाट फरशीवर चालतात. जिना, दादरचा पादचारी पूल, बसच्या पोटातला कप्पा, युरोपातल्या जुन्या गावांचे दगडी रस्ते, इथे बॅग उचलावीच लागते, आणि पाठीच्या मणक्याला चाकांचा काही उपयोग नसतो. त्यातून चार चाकांची बॅग उतारावर किंवा चालत्या गाडीत आपोआप घरंगळते, तिला सतत धरून ठेवावं लागतं. त्यापेक्षा दोघांना दोन मध्यम, तीन किलोच्या आतल्या बॅगा द्याव्यात. मुलाकडे अमेरिकेला जाताना बऱ्याच तिकिटांवर माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात, मग मोठी नको का, हा आक्षेप खरा आहे. पण तो प्रवास काही वर्षांतून एकदा होतो, आणि बहुतेकांच्या माळ्यावर तशी एक बॅग आधीच असते.

कागदपत्रांच्या पाकिटाचं तर अजूनच गमतीदार झालं आहे. हल्ली नावं कोरलेली, जोडीची चामडी पासपोर्ट-कव्हरं देतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर मात्र ‘कव्हर काढा’ असं सांगितलं जातं, आणि चष्मा शोधत, मागे रांग असताना ते काढावं लागतं. शिवाय पासपोर्टाच्या आकाराच्या खिशात विम्याची पॉलिसी मावत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्याचा कागद, हॉटेलचं आरक्षण आणि डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, सगळं पूर्ण पानाचं. तेव्हा असं पाकीट हवं, की दुमडलेलं पूर्ण पान सहज बसेल, चेन एका हाताने ओढता येईल आणि समोरची बाजू पारदर्शक असेल. दोघांना वेगवेगळी दोन पाकिटं द्यायची: प्रत्येकात स्वतःचा मूळ पासपोर्ट आणि जोडीदाराच्या पासपोर्टाची झेरॉक्स. एक पाकीट चोरीला गेलं तरी दूतावासात दाखवायला दुसऱ्याच्या पाकिटात प्रत उरते. सगळं एकाच फुगीर फोल्डरमध्ये, तेही ‘ह्यांच्या’कडे, ही आपली सवय मात्र धोक्याची. डिजिलॉकर २०१५पासून आहे, मग कागद कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. देशात ओळखपत्रासाठी ते ठीक. पण परदेशात पासपोर्टाची जागा मोबाइल घेत नाही, आणि बॅटरी संपली की विम्याचा नंबरही गेला. पॉवर बँक भेट द्यायची तर आधी सांगून ठेवावं, की ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

एवढ्याशा भेटी व्यासपीठावर हलक्या दिसतात, ही वर्गणी काढणाऱ्यांची खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून पावती पाकिटात ठेवावी, आणि दुकानात बदलून मिळेल याची खात्री आधीच करून घ्यावी. बॅगेचा आकार, मूठ, वजन हे ज्याला उचलायचं त्याने दुकानात उचलून ठरवावं, तेही आत काही भरून. रिकाम्या बॅगेची मूठ सगळ्यांनाच छान वाटते. उरलेल्या पैशांत बॅग लटकवून मोजायचा छोटा काटा येतो. तो निघण्याच्या आदल्या रात्री, लाडू भरून झाल्यावर, वापरायचा.