ओळखीच्या पेट्या

माझ्या मावसबहिणीने नोकरी सांभाळून पहिला धंदा केला तो हापूसचा. मूळ गाव देवगडजवळ, राहणं पुण्यात कोथरूडला. हातात बचत पंधरा हजार, दुकान नाही, गोडाऊन नाही, आंब्यातलं ज्ञान लहानपणी खाल्ले तेवढंच. होत्या त्या ओळखी: सोसायटीत बारा वर्षं, मुलाच्या शाळेतले पालक, भजनी मंडळ, नवऱ्याचं ऑफिस आणि गावाकडे एक बागायतदार, ज्यांना ती लहानपणापासून अण्णा म्हणते.

सुरुवातीला तिने सगळ्यांनी करायची तीच चूक केली. सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरचे देवगड हापूस मिळतील’ असं टाकलं. अंगठे भरपूर आले, ऑर्डरी तीन. मग तिने वही घेतली आणि फोनमधल्या नावांतून शंभरेक माणसं निवडली. निकष एकच, यांच्याकडे मी अडीनडीला हक्काने जाऊ शकते का? त्या प्रत्येकाला वेगळा फोन केला. चाळीसेक घरांनी मिळून साठ पेट्या सांगितल्या.

पण सांगितल्या म्हणजे घेतल्या असं नव्हे. ओळखीत ‘ठेव गं दोन माझ्या नावाने’ हे वाक्य फुकट असतं. समोरच्याला नाही म्हणवत नाही, म्हणून तो हो म्हणतो आणि पेटी दारात आली की ‘अगं, माहेरून आले की या वेळी’ असं होतं. म्हणून तिने पेटीमागे हजार रुपये आगाऊ ठेवले. सख्ख्या नणंदेकडूनही घेतले. थोडं वाईट वाटलं, एक काकू जरा फुरंगटल्याही. पण ज्यांनी पैसे पाठवले तीच ऑर्डर, बाकीचं बोलणं.

हा हजार रुपये हाच तिचा खरा भांडवलाचा हिशेब होता. आकडे गोल करून सांगतो. पाच डझनांची पेटी अण्णांकडून २,२०० रुपयांना, पेटी-पेंढा-टेम्पो मिळून आणखी २००, विक्री ३,००० रुपयांना. साठ पेट्या विकायच्या, पण घेतल्या चौसष्ट. चार का, ते पुढे येईल. अण्णांचे होतात १,४०,८०० रुपये. त्यातले साठ हजार गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमेतून लगेच दिले. उरलेले ८०,८०० अण्णांनी पेट्या पोचल्यावर घ्यायचं कबूल केलं. वडिलांना ओळखत होते म्हणून. कोणा परक्याला त्यांनी फळ उधार दिलं नसतं. टेम्पो आणि पेंढ्याचे १२,८०० तेवढे तिच्या बचतीतून गेले. म्हणजे दीड लाखाचा माल तिने तेरा हजारांवर हलवला. वर्तमानपत्रात छापतात तसं हे ‘शून्य भांडवल’ नव्हतं. भांडवल होतं, फक्त ते चाळीस घरांत आणि देवगडच्या एका ओट्यावर पसरलेलं होतं. लिज्जतची सुरुवातही १९५९ साली गिरगावात सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर केली होती. उसने देणारा माणूस ओळखीचा असावा लागतो, एवढंच.

आगाऊ पैशाचा दुसरा फायदा मोठा आहे, पण तो सहसा कोणी सांगत नाही. आंबा नासका माल. आज किती विकले जाणार हे माहीत नसेल तर फायदा कुजण्यात जातो. हिच्याकडे पेटीपेटीचं नाव ठरलेलं होतं, त्यामुळे आढी घालायलासुद्धा जागा लागली नाही. कच्ची, म्हणजे चौदा आणे तयार झालेली फळं पेंढ्यात भरून थेट घरी गेली. सोबत चिठ्ठी: पेटी उघडून फळं पेंढ्यावर पसरा, एकावर एक रचू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, सहा-आठ दिवसांनी वास सुटला आणि अंगठ्याने दाबल्यावर नरम लागलं की खा. सोसायटीत वॉचमनच्या खोलीशेजारी पेट्या उतरल्या, वाटप शेजाऱ्यांच्या मुलांनी केलं. त्या वाटपाची मजुरी कुठल्याच हिशेबात दिसत नाही, आणि दुसऱ्या वर्षी ती फुकट मिळत नाही.

आता त्या चार पेट्या. हापूसमध्ये साका असतो. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की गराचा एखादा भाग पांढुरका, स्पंजसारखा, चवीला बेचव. जमिनीची धग आणि झाडावर जास्त वेळ राहिलेलं फळ ही त्याची मुख्य कारणं, म्हणून तर चौदा आण्यांवर काढतात. तरी तो पूर्ण टळत नाही आणि बाहेरून कळत नाही. तिने फोनवरच सांगून ठेवलं होतं, ‘साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देते.’ कोणाची तीन निघाली, एका घरी बारा. एकूण सतरा-अठरा डझन बदलावी लागली, म्हणजे जवळपास चार पेट्या. हाती राहिले २६,४०० रुपये. दुकानदार ही फळं बदलत नाही, कारण उद्या दुसरं गिऱ्हाईक येतं. हिच्याकडे दुसरं नव्हतं. उद्या लिफ्टमध्ये तेच भेटणार होते.

उधारी मात्र तिने कमी धरली होती. पेटी दारात पोचल्यावर उरलेले दोन हजार आठ घरांनी ‘पगार झाला की’ म्हणून ठेवले. सोळा हजार अडकले, आणि त्याच आठवड्यात अण्णांचे पैसे द्यायचे. ओळखीत पैसे मागायची लाज वाटते, हीच या धंद्यातली मोठी खोट. दुसऱ्या खेपेपासून पेटी सुटण्याआधी पूर्ण पैसे, असा नियम केला. दोन घरं गळाली. गळू दिली.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. अवकाळी पावसाने अण्णांचं फळ कमी पडलं. ते म्हणाले, ‘माझा इतक्याच हा, बाकीचा दुसऱ्याकडना घेवन देतंय.’ तिने घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका निवृत्त सरांनी एक फळ हातात घेतलं, वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, ‘हा तुमच्या अण्णांच्या बागेतला नाही.’ तो परजिल्ह्यातला आंबा निघाला. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ साली, कोकणातल्या जिल्ह्यांपुरतं. त्यामुळे ‘देवगड’ म्हणून दिलेलं हे फळ नुसतं वेगळं नव्हतं, नाव खोटं होतं. तिने त्या रात्री त्या खेपेच्या बावीस घरांना एकेक करून फोन केला, काय झालं ते सांगितलं, पाहिजे त्याला पैसे परत म्हणाली. पाच जणांनी परत घेतले. त्या खेपेत ती तोट्यात गेली. सर पाचात नव्हते, पण पुढे त्यांनी तिच्याकडून कधी घेतला नाही.

मला तिच्या वहीतली एक वेगळी रांग महत्त्वाची वाटते. प्रत्येक ऑर्डरपुढे ती लिहिते: ‘माझी ओळख’ की ‘कोणाकडून’. पहिल्या वर्षी जवळपास सगळ्या ओळखीच्या. दुसऱ्या वर्षी चौथाई ऑर्डरी ‘कोणाकडून’ होत्या. ओळखीचा माणूस एक पेटी तुमच्यासाठी घेतो, दुसरी आंब्यासाठी घेतो. तो तिसऱ्याला नंबर देत नसेल तर समजायचं, तो अजून पहिलीच पेटी घेतोय.

यंदा गुढीपाडव्याच्या आधी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई नाशिकच्या होत्या. कोणी नंबर दिला विचारल्यावर त्यांनी नाव सांगितलं ते त्या पाच घरांतल्या एकाचं, पैसे परत घेतलेल्यांचं. मावसबहिणीने वहीत ते लिहिलं आणि म्हणाली, ‘हजार रुपये आगाऊ पाठवा हं.’